फास्टिंग ९७, तीन महिन्यांची सरासरी ६.७

रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी दुपारचं काम आवरून जरा टेकले होते. पहिल्या पानावर उपाशीपोटी साखर ९७. बरं वाटलं. शंभरच्या आत म्हणजे काळजी नाही, एवढं मलाही माहीत होतं. मग पुढचं पान सरकवलं, तर तिथे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी ६.७, आणि शेजारी ठळक अक्षरांत 'डायबेटिक'. रक्त एकच, सुई एकच, सकाळही एकच. एक पान म्हणतंय काही झालेलं नाही, दुसरं म्हणतंय मधुमेह झालाय.

तेव्हा मी ४४ वर्षांची होते. वजन थोडं जास्त, वडिलांना मधुमेह. तपासणी केली ती थकव्यासाठी. जिना चढताना धाप लागायची, संध्याकाळी उभं राहवत नसे. घरच्यांनी लगेच तर्क लावला, 'साखरेमुळेच थकवा येत असणार.' हा तर्क पुढे उलटा पडला, पण ते नंतर.

ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि जे सांगितलं ते तेव्हा पूर्ण पटलं. त्यात चूकही नव्हती. फास्टिंग हा एका क्षणाचा फोटो. रात्रभर पोटात काही नाही, यकृत हळूहळू साखर सोडतंय आणि इन्सुलिन तिला सांभाळतंय, तेवढंच त्यात दिसतं. मधुमेह सुरू होताना पुष्कळ जणांची ही रात्रीची व्यवस्था शाबूत असते. कोलमडते ती जेवणानंतरची. जेवल्यावर साखर दोनशेपर्यंत चढते, तीन-चार तासांनी उतरते, पहाटेपर्यंत शंभराखाली येते, आणि सकाळी रक्त देणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक. एचबीए१सीमध्ये मात्र हे चढउतार साठत जातात. म्हणून फास्टिंग चांगली आणि सरासरी वाईट दिसली की पहिला संशय जेवणानंतरच्या साखरेवर घ्यायचा.

त्यांनी एचबीए१सी पुन्हा करायला सांगितली. मी मुद्दाम दुसऱ्या लॅबमध्ये गेले. ६.६. मधुमेहाची रेषा ६.५ वर आहे आणि लक्षणं नसतील तर निदानासाठी दोन वेळा ती ओलांडलेली असावी लागते. माझ्या दोन्ही वेळा ओलांडलेल्या. कागदावर प्रकरण मिटलं होतं. गोळीची चिठ्ठी हातात आली.

गोळी मी लगेच घेतली नाही. हे शहाणपण नव्हतं, हट्टीपणा होता. वडिलांचं ग्लुकोमीटर घरात होतं आणि मला ती जेवणानंतरची दोनशे स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, 'दोन आठवडे थांबल्याने काही बिघडत नाही, बघा आणि वही घेऊन या.'

वही केली. नवीन पट्ट्यांची डबी आणली, कारण वडिलांच्या पट्ट्यांची मुदत संपलेली होती. एक दिवसाआड सात वेळा बोट टोचायचं: तिन्ही जेवणांआधी, तिन्ही जेवणांनंतर बरोबर दोन तासांनी आणि झोपताना. दोन तास घासाच्या सुरुवातीपासून मोजायचे, हात धुतल्यावर नाही. हे मला चौथ्या दिवशी कळलं, आधीचे आकडे वहीत खोडावे लागले. हात मात्र साबणाने धुऊन कोरडे करायचेच. एकदा फळ कापून तसंच बोट टोचलं तर १९३ आला. छातीत धस्स झालं. हात धुऊन पुन्हा पाहिलं, ११२. त्या दिवसापासून नेमच झाला.

वहीतला एक दिवस इथे उतरवते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सकाळी उठल्यावर ९८. नाश्त्यानंतर १४६. दुपारी जेवणाआधी १०१, नंतर १३८. रात्री जेवणाआधी १०४, नंतर १५१. झोपताना ११८. सातांची बेरीज ८५६, सरासरी १२२. बाकीचे दिवसही याच्याच आसपास. दोन रात्री गजर लावून पहाटे तीनला उठले, तेव्हा ९४ आणि ९१. दोन आठवड्यांत दोनशे एकदाही नाही. सगळ्यात वरचा आकडा १६८, तो एका लग्नातल्या जेवणानंतरचा.

आता गंमत अशी की एचबीए१सीची टक्केवारी सरासरी साखरेत बदलता येते. आकड्याला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. माझे ६.७ घेतले तर उत्तर १४६ येतं. म्हणजे त्या रिपोर्टनुसार माझी दिवसरात्रीची सरासरी साखर १४६ असायला हवी होती. वहीतली सरासरी १२२, आणि तीही फुगलेली, कारण सातपैकी तीन नोंदी मुद्दाम जेवणानंतर चढलेल्या वेळेच्या होत्या आणि झोपेतले सात-आठ तास तिच्यात जवळजवळ नव्हतेच. उलट बाजूने हिशेब केला तर १२२ ला एचबीए१सी ५.९ च्या आसपास यायला हवं.

मीटरवर संशय घ्यावा का? घ्यावा. घरगुती मीटर लॅबच्या आकड्यापेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतं, आणि तेवढी सूट मानकांत धरलेलीच आहे. पण १२२ मध्ये पंधरा टक्के मिळवले तरी १४० होतात. शिवाय मी एका सकाळी लॅबमध्ये रक्त देऊन तिथेच बाकावर बसून बोट टोचलं होतं. लॅब ९६, मीटर १०१. माझं मीटर उलट जरा वरच दाखवत होतं.

फास्टिंगची बाजूही एकदा तपासून घेतली. रक्त नळीत गेल्यावरही त्यातल्या पेशी साखर खात राहतात. नुसत्या नळीत तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. म्हणून साखरेसाठी राखाडी बुचाची, फ्लोराइड घातलेली नळी वापरतात. तीही पेशींना ताबडतोब थांबवत नाही, पहिला तासभर थोडी गळती चालूच राहते. माझी पहिली नळी कुठूनतरी गोळा होऊन दुपारी लॅबला पोचली असती, तर खरे १०५ हे ९७ दिसू शकले असते. पण नंतरच्या दोन्ही वेळा रक्त लॅबमध्येच दिलं आणि समोरच मशीनकडे गेलं: ९६, ९७. फास्टिंग खरी होती.

मग राहिलं एकच. एचबीए१सी खोटं बोलत होतं का?

ही वही घेऊन मी ज्यांच्याकडे गेले, त्या फिजिशियन बाई मैत्रिणीने सुचवलेल्या. त्यांनी वही उघडलीच नाही आधी. माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि विचारलं, 'पाळीत किती दिवस जातं?'

'सात-आठ. पहिले तीन दिवस फार.'

'किती वर्षं?'

'तीन तरी झाली असतील.'

'आणि हिमोग्लोबिन कधी केलंय?'

मी गप्प. साखरेचं पॅकेज केलं होतं, त्यात ते नव्हतं. आणि थकवा साखरेचा, हे घरात आधीच ठरलं होतं ना!

हिमोग्लोबिन ९.१ निघालं. पेशींचा सरासरी आकार, एमसीव्ही, ७० म्हणजे पेशी लहान. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ६. पंधराच्या खाली गेलं की साठा संपला असं धरतात. माझं तळही खरवडून झालं होतं.

एचबीए१सी म्हणजे नेमकं काय मोजतात, हे मला तेव्हा कुणीतरी पहिल्यांदा नीट सांगितलं. ती साखर मोजत नाही. ती साखरेचा डाग मोजते. लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं. रक्तातली साखर आपसूक, कुठल्याही एन्झाइमच्या मदतीशिवाय, त्याला चिकटते आणि एकदा पक्की चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. शंभरातल्या किती हिमोग्लोबिनला हा डाग लागलाय तो आकडा म्हणजे आपली टक्केवारी. आता डाग किती पडेल हे दोन गोष्टींवर ठरतं: रक्तात साखर किती आणि ती पेशी त्या रक्तात किती दिवस फिरली. 'तीन महिन्यांची सरासरी' म्हणताना आपण दुसरी गोष्ट ठरलेली धरतो. पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवस, दररोज काही जुन्या मरतात, काही नव्या येतात, आणि रक्तात सगळ्या वयांच्या पेशींची नेहमीची मिसळ असते. ती मिसळ नेहमीची असेल तरच हिशेब बरोबर.

(तीन महिनेही सारख्या वजनाने मोजले जात नाहीत. गेल्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा असतो. म्हणून तपासणीआधी महिनाभर कडक पथ्य पाळणाऱ्यांचा आकडा चांगला येतो. माझे वडील वर्षानुवर्षं तेच करायचे.)

लोह नसलं की नव्या पेशी बनण्याचा वेग मंदावतो. रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं. जुनी पेशी म्हणजे जास्त दिवस साखरेत राहिलेली, म्हणजे जास्त डागाळलेली. साखर तेवढीच असूनही टक्केवारी वर जाते. बाईंनी एकच वाक्य सांगितलं ते लक्षात राहिलं: 'तुमचं रक्त म्हातारं झालंय, गोड नाही झालं.' मग वही उघडून म्हणाल्या, 'आणि अगदीच गोड झालं नाही असंही नाही. हे १५१ आणि १६८ मला आवडलेले नाहीत.'

दोन लॅबमध्ये आकडा सारखा का आला, हेही इथेच सुटलं. मी लॅबची चूक शोधत होते. लॅबची चूक नव्हतीच. दोघांनी माझ्या रक्तातला डाग अचूक मोजला होता. डागावरून साखरेचा अंदाज बांधणं चुकत होतं. अशी चूक शंभर वेळा तपासणी केली तरी शंभर वेळा सारखीच येते.

एक शक्यता त्यांनी त्याच दिवशी बाजूला केली. हिमोग्लोबिनच जन्मतः वेगळ्या घडणीचं असेल, जसं सिकलसेलच्या वाहकांचं असतं, तर काही मशीन गोंधळतात. दुसऱ्या लॅबने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी पद्धत वापरली होती. त्या रिपोर्टसोबत आलेख येतो. मी तो पान फुकट गेलं म्हणून टाकूनच देणार होते. त्यात अनोळखी टेकाड नव्हतं.

मग ठरलं की पेशींना मध्ये न घेता साखर मोजायची. दोन तपासण्या. एक फ्रुक्टोसामाइन. तीत हिमोग्लोबिनऐवजी रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजतात. गेल्या दोन-तीन आठवड्यांचं चित्र मिळतं आणि लाल पेशींच्या वयाशी काही संबंध नसतो. ती त्या लॅबच्या नेहमीच्या मर्यादेत आली. दुसरी ग्लुकोज टॉलरन्स. तिच्यासाठी आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं होतं, कारण उगाच उपास करून गेलं तर आकडे बिघडतात. रात्रभर काही खायचं नाही. सकाळी एकदा रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं. ते इतकं गोड असतं की शेवटचे दोन घोट घशाखाली उतरत नाहीत. पुढचे दोन तास खुर्चीत बसून काढायचे, फेऱ्या मारायच्या नाहीत. माझ्या शेजारचे गृहस्थ मध्येच बाहेर जाऊन सिगारेट ओढून आले, तर परिचारिका बाईंनी त्यांना दुसऱ्या दिवशी परत यायला सांगितलं. दोन तासांनी पुन्हा रक्त.

उपाशीपोटी ९६. दोन तासांनी १५३.

मधुमेह म्हणायला दोनशे लागतात. १४० ते १९९ म्हणजे उंबरठा. म्हणजे फास्टिंगही अर्धवट बोलत होती. तिला विचाराल तर मी ठणठणीत. एचबीए१सीला विचाराल तर मी मधुमेही. मी होते मधल्या खोलीत, आणि तिथे मला बघणारी तिसरीच तपासणी होती. गोळीची चिठ्ठी बाईंनी बाजूला ठेवली. चालणं आणि वजन यावर बोलल्या, पण त्यांचा सगळा जोर लोहावर आणि पाळी इतकी का जाते हे शोधण्यावर होता. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, त्याचे उपचार वेगळे सुरू झाले.

लोहाच्या गोळ्या सुरू करताना त्यांनी बजावलं, 'तीन-चार महिने एचबीए१सी करायची नाही. कराल तर भलतंच काहीतरी दिसेल.'

मी केली. सातव्या आठवड्यात. हिमोग्लोबिन बघायला गेलेच होते, समोर यादी होती, खूण केली. हिमोग्लोबिन ११.६, आणि एचबीए१सी ५.५! ६.७ वरून ५.५, तेही गोळीशिवाय. घरात साजरं झालं. दादाला फोन करून सांगितलं. बाईंना रिपोर्ट पाठवला तर त्यांचा उलट निरोप आला, 'हे पण खोटं. उलट्या बाजूचं.'

लोह मिळाल्यावर अस्थिमज्जेने नव्या पेशी भराभर सोडल्या होत्या. रक्तात आता कोवळ्या पेशींची गर्दी. त्यांना डाग पडायला वेळच मिळालेला नव्हता. त्याच आठवड्याची वही काढून पाहिली तर सातांची सरासरी ११९. साखर जवळजवळ होती तिथेच होती. आकडा उतरला होता तो पेशींच्या वयामुळे. आधी रक्त म्हातारं म्हणून साखर जास्त दिसली, आता रक्त तरुण म्हणून कमी. मी त्या ५.५ वर विसंबून चालणं सोडलं असतं, हे कबूल करते. दोन दिवस सोडलंही होतं.

दादाला फोन केला त्याचाही एक उपयोग झाला. त्याची मूत्रपिंडं बिघडलेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि रक्त वाढवायचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन चालू. तो म्हणाला, 'माझं पण ५.८ आलंय, बघ, साखर आटोक्यात आहे.' मी विचारलं, 'आणि फास्टिंग?' ती दीडशेच्या पुढे. एरवी मी म्हटलं असतं की पहाटेची साखर काहींची वर जातेच, सरासरी चांगली आहे ना. काहींच्या बाबतीत ते खरंही असतं. पहाटे शरीरातली हार्मोन्स साखर वर ढकलतात आणि दिवसभर ती आटोक्यात असते. पण दादाच्या रक्तात इंजेक्शनमुळे नव्या पेशी सतत येत होत्या आणि असलेल्या लवकर मरत होत्या. माझ्या सातव्या आठवड्यासारखी त्याची कायमचीच अवस्था. त्याला म्हटलं, डॉक्टरांना विचार की तुझ्या बाबतीत हा आकडा धरायचा का. त्यांनी त्याची फास्टिंग आणि जेवणानंतरची साखर धरून औषध बदललं. रक्त चढवलेल्या माणसाचंही असंच होतं, त्याच्या अंगात दुसऱ्याच्या साखरेत वाढलेल्या पेशी फिरत असतात.

माझं हिमोग्लोबिन चौथ्या महिन्यात १२.८ झालं. त्यानंतरही साठा भरण्यासाठी तीन महिने गोळ्या चालू ठेवल्या. शेवटी सगळ्या तपासण्या एकाच सकाळी, एकाच लॅबमध्ये, आदल्या दोन आठवड्यांची वही सोबत घेऊन केल्या. फेरिटिन ४१. फास्टिंग ९५. एचबीए१सी ६.०. सूत्रात घातलं तर १२६, वहीची सरासरी ११८. एवढा फरक कुणालाही राहतो. काही माणसांच्या हिमोग्लोबिनला साखर जरा जास्तच चिकटते, काहींच्या कमी.

५.५ वरून ६.० झालं म्हणून घरच्यांची तोंडं उतरली. मी मात्र तो रिपोर्ट जपून ठेवलाय. त्या वर्षभरात आलेल्या चार आकड्यांपैकी पेशींची मिसळ नेहमीची असताना आलेला तेवढा एकच होता. धापही आता लागत नाही, ती लोहाचीच होती.

दर सहा महिन्यांनी आता रक्त देते. जांभळ्या बुचाच्या एकाच नळीतून एचबीए१सी आणि हिमोग्लोबिन दाखवणारी सीबीसी दोन्ही होतात, वेगळी सुई लागत नाही. परवा फॉर्म भरणाऱ्या मुलाने विचारलं, 'मॅडम, साखरेलाच आलात ना, मग सीबीसी कशाला?' मागे रांग होती. मी म्हटलं, 'लिही तू.'